मंजूर आहे, पण फोड लिहून द्या

उस्मान परकार सोळा वर्षं एकाच कंपनीत होता, आणि या सोळा वर्षांत त्याने ऑफिसला स्वतःहून एकही पत्र लिहिलं नव्हतं. सुट्टीचा अर्जसुद्धा छापील फॉर्मवर असायचा, खाली फक्त सही. रियाधमधल्या एका मॉलच्या आणि त्याला लागून असलेल्या दोन टॉवरांच्या एसीची जबाबदारी त्याच्याकडे होती. छतावर नऊ चिलर आणि हाताखाली बावीस माणसं. यंत्र कुरकुरलं की नुसत्या आवाजावरून तो दुखणं ओळखायचा. कागदाचं मात्र त्याला वावडं होतं. कागदासाठी रय्यान होता.

रय्यान म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, खतीजाचा मुलगा. बी.कॉम. होऊन दाभोळला दोन वर्षं रिकामा बसला होता, तेव्हा उस्माननेच मुदीराच्या म्हणजे मॅनेजरच्या हातापाया पडून त्याला एचआरमध्ये क्लार्क म्हणून लावून घेतलं. पाच वर्षं झाली त्याला. मामूचा इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना, मामूचं विम्याचं कार्ड, नोकरीचे करार जिथे नोंदवतात त्या सरकारी 'किवा' पोर्टलवरचं मामूचं खातं, सगळं त्यानेच उघडलेलं. पासवर्डही त्यानेच ठरवला होता. उस्मानला तो पाठ नव्हता, आणि पाठ करावा असं कधी वाटलंही नाही.

त्या रविवारी सकाळी रय्यान साइटवर पत्रांचा गठ्ठा घेऊन आला. म्हाताऱ्या मालकाच्या मुलांनी कंपनी हातात घेतल्याला सहा महिने झाले होते, आणि नवीन काहीतरी येणार अशी कुजबुज होतीच. पत्र एका पानाचं होतं. पगाराची पुनर्रचना केली आहे, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून आपलं एकूण मासिक पॅकेज सहा हजार सहाशे रियाल राहील, बाकी अटी कंपनीच्या धोरणानुसार, गुरुवारपर्यंत सही करून द्यावं. एवढंच. उस्मानचा आजवरचा पगार सहा हजार दोनशे होता. म्हणजे चारशे वाढले.

माणसं खूश झाली. पगारवाढ होऊन तीन वर्षं लोटली होती. नागेश नावाचा कोल्हापूरकडचा वेल्डर होता, त्याने तर पत्र पिकअपच्या बॉनेटवर ठेवून तिथल्या तिथे सही ठोकली आणि घरी बायकोला फोनही लावला. उस्मानही करणारच होता. पण चष्मा गाडीत राहिला होता, आणि तेवढ्यात पाच नंबरच्या चिलरवरून बोलावणं आलं. पत्र घडी करून त्याने खिशात टाकलं आणि संध्याकाळी घरी नेलं.

त्याची बायको आलिमा भारतीय शाळेत अकाउंटन्सी शिकवायची. लग्नाआधी ती दाभोळच्या पतपेढीत होती. तिने पत्र एकदा वाचलं, उलटवून मागची कोरी बाजू पाहिली आणि पुन्हा वाचलं.

"हा पगार नाही," ती म्हणाली. "ही नुसती बेरीज आहे. कशाची बेरीज आहे ते कुठेय?"

उस्मान म्हणाला की चारशे वाढवलेत, चांगलं नाही का? तेव्हा तिने वहीचं पान फाडून त्याला समजावलं. त्याच्या जुन्या करारात बेसिक चार हजार चारशे, घरभाडं अकराशे आणि येण्याजाण्याचे व जेवणाचे मिळून सातशे होते. सगळं ठरलेलं. नोकरी सोडताना जे सेवासमाप्तीचे पैसे मिळतात ते शेवटच्या पगारावर मोजतात. पहिल्या पाच वर्षांचा वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाचा पूर्ण महिन्याचा. पण कमी-जास्त होणारा इन्सेन्टिव्ह त्यात धरायचा नाही असं करारात लिहून घेता येतं. मग एक तारखेनंतर ठरलेला पगार किती आणि बदलता किती हे कळल्याशिवाय सही कशी करायची? शेवटच्या पगाराला हात लागला की मागची सोळाच्या सोळा वर्षं आपोआप स्वस्त होतात.

उस्मानला पटलं, पण भीती वाटली. त्यांची मुलगी इफरा बारावीला होती. पुढच्या वर्षी तिला पुण्याला पाठवायचं, तिच्या शिक्षणाचा सगळा हिशोब त्या पैशांवर होता. नकार दिला तर मालकाची पोरं कुणाचाही मुलाहिजा ठेवत नाहीत हे त्याने पाहिलं होतं.

"नकार कोण देतंय?" आलिमा म्हणाली. "मंजूर आहे म्हणा. फक्त फोड लिहून मागा."

मग तिघं जेवणाच्या टेबलाशी बसली. इफरा लॅपटॉपवर टाइप करत होती. 'मला मान्य आहे' हे वाक्य पहिल्याच ओळीत हवं, असा उस्मानचा हट्ट होता, म्हणजे साहेबाच्या कपाळावर आठी पडायची नाही. शेवटचं वाक्य आलिमाचं. पत्र असं झालं: आपलं पत्र मिळालं. सहा हजार सहाशे रियालचं सुधारित पॅकेज मला मान्य आहे. त्यातली ठरलेली रक्कम किती, बदलती किती आणि भत्ते कोणते व किती, याची फोड कृपया लेखी द्यावी. सेवासमाप्तीची रक्कम यातल्या कशावर धरणार तेही कळवावं. ही फोड हाती आल्यावर वाचून मी सही करीन.

"अब्बा, डन. सेंड करूं?" इफराने विचारलं. उस्मानने बिस्मिल्ला म्हणून मान हलवली. सात वाजून दहा मिनिटांनी पत्र एचआरच्या पत्त्यावर गेलं. त्याला उगाचच हलकं वाटलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा आपण काहीतरी रीतसर मागितलं, आणि तेही गोड बोलून.

सोमवारी सकाळी तो छतावर होता. ऊन भाजून काढत होतं. पावणेअकराच्या सुमारास रय्यानचा फोन आला. मामू, इकाम्याच्या रिन्यूअलचं चाललंय, तुमच्या मोबाइलवर आता एक कोड येईल तो सांगा. कंप्रेसर घरघरत होता. उस्मानने एका हाताचा मोजा दातांनी ओढून काढला, आलेला आकडा वाचून दाखवला आणि फोन खिशात टाकला. मेसेज अरबीत होता. अरबी त्याला बोलता उत्तम यायची, पण वाचायला वेळ लागायचा, आणि असे कोड त्याने रय्यानला दहादा तरी दिले असतील.

मंगळवारी नऊ वाजता उत्तर आलं. एचआर मॅनेजर उसामा साहेबांची सही होती. पत्र नम्र होतं. आपण रविवारी लेखी संमती दिलीत आणि सोमवारी सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी किवा पोर्टलवर सुधारित करार स्वीकारलात, याबद्दल आभार. आपण मागितलेली फोड त्या करारात आहेच. प्रत सोबत जोडली आहे.

उस्मानने ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्याचं पत्र चुकून आपल्याला आलं. मग इकाम्याचा नंबर पाहिला. आपलाच होता. जोडलेली प्रत उघडली. बेसिक दोन हजार चारशे. घरभाडं सहाशे. वाहतूक चारशे. प्रकल्प भत्ता आठशे, त्या साइटवर नेमणूक असेपर्यंत. कामगिरीवर आधारित इन्सेन्टिव्ह, दोन हजार चारशे 'पर्यंत'. आणि खाली एक कलम होतं, की इन्सेन्टिव्ह आणि प्रकल्प भत्ता कमी-जास्त होणारे असल्याने सेवासमाप्तीच्या हिशोबात धरले जाणार नाहीत, हे उभय पक्षांना मान्य आहे.

बेरीज बरोबर सहा हजार सहाशे होती.

साइट केबिनमध्ये तो एकटाच होता. आलिमाने शिकवलेलं गणित त्याने मोबाइलवर करून पाहिलं. आज जुन्या पगारावर नोकरी संपली असती तर त्र्याऐंशी हजार सातशे मिळाले असते. या नव्या करारावर पंचेचाळीस हजार नऊशे. त्याने पुन्हा केलं. तेवढेच आले. पायाखालची वाळू सरकली असं लोक म्हणतात, त्याला तसलं काही झालं नाही. त्याचे कान बंद झाले. बाहेर पंप चालू होते, ते त्याला ऐकू येईनात, आणि ज्या माणसाने उभा जन्म यंत्राचा आवाज ऐकण्यात काढला त्याला ते फार भयंकर वाटलं.

पण आपण तर काहीच दाबलं नाही. हा विचार हळूहळू वर आला. दहा बेचाळीस. तेव्हा आपण छतावर होतो. त्याने मोबाइलमधले मेसेज उघडले, सोमवारपाशी आला, चष्मा पुसला आणि एकेक अरबी अक्षर लावत वाचायला लागला. किवा खात्यात प्रवेशाचा कोड. हा कोड कोणालाही सांगू नका. वेळ दहा एकेचाळीस.

इकाम्याचं नाव कुठेच नव्हतं.

मुख्य ऑफिस तिथून चाळीस मिनिटांवर. तो गाडी कशी चालवत गेला हे नंतर त्याला आठवेना. रय्यान पहिल्या मजल्यावरच्या पँट्रीत चहा ओतत होता. मामूला दारात पाहिल्याबरोबर त्याने किटली खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. उस्मानला उरलीसुरली खात्री तिथेच पटली, आणि तोवर मनात जी एक शक्यता जपून आणली होती, की पोरगा म्हणेल, 'नाही मामू, काहीतरी गफलत आहे', ती विझली.

"तू दाबलंस?" त्याने विचारलं.

रय्यानने दार लोटून घेतलं. तो बोलला ते खाली बघून. रविवारी रात्रीच तुमचं पत्र इनबॉक्समध्ये आलं. सकाळी मीच आधी वाचलं. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, एकाने फोड मागितली की उद्या सगळे मागतील, दीडशे माणसं आहेत. हा तुझाच मामा ना? मग आजच्या आज मिटव. तुझ्याकडे त्याचं खातं आहे. त्याने 'मान्य आहे' असं लिहिलंच आहे, तू फक्त बटण दाबायचंय.

"म्हणजे मी पत्र लिहिलं म्हणून?"

"तुम्ही लिहिलं नसतं तर गुरुवारपर्यंत कुणी विचारलंही नसतं, मामू. माझाही करार तसाच झालाय. माझा पण पगार कापलाय. माझं लग्न ठरलंय, साहेब म्हणाले की नाही जमत तर फायनल एक्झिट घे, कायमचा घरी जा. मी काय करणार होतो?"

उस्मानला काहीतरी मोठं बोलायचं होतं. मुंबईच्या विमानतळावर खतीजाने या पोराचा हात आपल्या हातात दिला होता, पहिले आठ महिने तो आपल्याच घरात, इफराच्या खोलीत झोपला होता आणि इफरा हॉलमध्ये, हे सगळं ओठांशी आलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मी तेव्हा छतावर होतो रे," तो म्हणाला. "हातात मोजे होते."

रय्यान रडायला लागला. उस्मान त्याला तसाच सोडून वर गेला.

उसामा साहेबांनी त्याला बसवलं, पाणी मागवलं. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. उस्मानने अरबीत सांगितलं की करार मी स्वीकारलेला नाही, तो रद्द करा आणि जुना ठेवा. वाढ नको मला. साहेबांनी त्याच्याच पत्राची छापील प्रत पुढे सरकवली. पहिल्या ओळीखाली पिवळी रेघ मारलेली होती. हे तुमचंच वाक्य ना? मला मान्य आहे.

"शेवटची ओळ पण वाचा," उस्मान म्हणाला. "फोड वाचून मग सही."

साहेब थोडे मागे रेलले. म्हणाले, तक्रार करायची तर जरूर करा, तुमचा हक्क आहे. पण तुम्ही म्हणता तुम्ही बटण दाबलं नाही. मग कोणी दाबलं? कोणाच्या तरी खात्यात शिरणं हा इथे मोठा गुन्हा आहे. चौकशी होईल. ऑफिसच्या कोणत्या कॉम्प्युटरवरून, कोण बसलं होतं तिथे. मी कोणालाही काही लिहून सांगितलेलं नाही. तो मुलगा तुरुंगात जाईल आणि मग कायमचा देशाबाहेर. तुमच्या बहिणीचा मुलगा आहे ना?

उस्मान खुर्चीतून उठला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की समोरचं पाणी आपण पूर्ण प्यायलोय. कधी प्यायलो ते कळलं नव्हतं.

घरी आलिमाने सगळं ऐकलं. पैशांबद्दल ती पहिला अर्धा तास एक शब्द बोलली नाही. "रय्यानने?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. दर शुक्रवारी तो जेवायला यायचा. तिने त्याच्यासाठी फ्रीजमध्ये सांदणं ठेवली होती. इफरा शाळेतून आली, तिला कळलं, तेव्हा ती म्हणाली, "पुलिस में जाओ अब्बा, सिम्पल."

दोन दिवस तो कामावर गेला आणि आला. छतावर माणसं विचारायची, उस्मानभाई, फोड आली का? बातमी फुटली होतीच. त्याने करारातले आकडे सगळ्यांना दाखवले, लपवण्यासारखं त्यात त्याचं काही नव्हतं. नागेशने स्वतःच्या फोनवर आपला करार उघडला. सोमवारी सकाळी पोर्टलवर आल्या आल्या आनंदाने स्वतः बटण दाबलं होतं त्याने. इन्सेन्टिव्हच्या ओळीपाशी त्याचं बोट थांबलं.

"उस्मानभाई, तुमच्या घरात शिकलेली बाई आहे," तो शेवटी म्हणाला. "रविवारी रात्री एक फोन का नाही केलात?"

उस्मानला ते खरंच सुचलं नव्हतं. त्या रात्री त्याने फक्त स्वतःपुरतं विचारलं होतं, आणि तेही हळू आवाजात.

शेवटी वाट काढली ती आलिमाने. ती म्हणाली की कोणी दाबलं हे आपण सांगायचंच नाही. आपण एवढंच म्हणायचं की फोड मागितली होती, ती हातात यायच्या आधी करार झाला, आणि पगार कमी करायला माझी लेखी संमती नाही. पत्रावर तारीख आहे, वेळ आहे. पुढचं पुढे. गुरुवारी दुपारी इफराने मंत्रालयाच्या साइटवर सामोपचार समितीकडे उस्मानचा दावा भरला. कामगार कोर्टात जाण्याआधी तिथे जावंच लागतं.

दहा दिवसांनी व्हिडिओवर बैठक लागली. उस्मानने सुट्टी घेतली होती. जेवणाच्या त्याच टेबलावर लॅपटॉप ठेवून तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला. आलिमा समोर, स्क्रीनच्या मागे. पडद्यावर मंत्रालयाचा मध्यस्थ, पांढऱ्या पायघोळ थोबमधला तरुण सौदी माणूस. दुसऱ्या चौकटीत कंपनीचा वकील आणि उसामा साहेब, आणि त्यांच्या खुर्चीमागे फाइल घेऊन उभा रय्यान. त्याला तिथे आणतील असं उस्मानला वाटलं नव्हतं. आपण बोललो तर कोण तुरुंगात जाईल हे दाखवायलाच पोराला उभं केलंय, हे न कळण्याइतका उस्मान भोळा नव्हता.

वकिलाने पहिली ओळ वाचली. मला मान्य आहे. मध्यस्थाने पुढचं वाचायला सांगितलं. मग त्याने विचारलं की कामगाराने रविवारी संध्याकाळी फोड मागितली, ती तुम्ही त्याला कधी दिलीत? वकील म्हणाला, करारातच होती. करार पोर्टलवर कधी चढवला? वकिलाने उसामाकडे पाहिलं. उसामाने मागे पाहिलं. रय्यानने फाइल उघडली आणि कसाबसा म्हणाला, दहा अडतीसला.

"आणि दहा बेचाळीसला स्वीकारला," मध्यस्थ म्हणाला. "चार मिनिटांत. रविवारी ज्याला एक ओळ कळली नाही म्हणून त्याने पत्र लिहिलं, त्याने सोमवारी अख्खा करार चार मिनिटांत वाचला?"

मग तो उस्मानकडे वळला. त्याने सरळ विचारलं, "चाचा, स्वीकारचं बटण तू दाबलंस?"

पडद्यावर रय्यान दिसत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"कोड माझ्या फोनवर आला," उस्मान म्हणाला. "तो मी सांगितला. ती माझी चूक, तिची जी शिक्षा असेल ती मला द्या. कोणाला सांगितला ते मी बोलणार नाही. पण मी करार पाहिला तो मंगळवारी. त्याच्या आधी मला फोड कुणी दाखवली असेल तर त्यांनी तसा कागद दाखवावा."

कोड देणं म्हणजे सही देणं, हे लक्षात ठेव, असं मध्यस्थाने कडक शब्दांत बजावलं. उस्मानने मान खाली घातली. मग तो कंपनीकडे वळला आणि म्हणाला की इथे मिटत नसेल तर हे प्रकरण कोर्टात जाईल आणि तिथे हा चार मिनिटांचा प्रश्न पुन्हा निघेल, माझ्यापेक्षा जास्त बारकाईने. वकिलाने पाच मिनिटं मागितली. चौकट काळी झाली. परत उजळली तेव्हा रय्यान तिथे नव्हता.

कंपनीने माघार घेतली. उस्मानपुरती. जुना करार, जुनं बेसिक, जुने भत्ते, सेवा पहिल्या दिवसापासून अखंड, आणि चारशेची वाढ नाही. समझोत्याच्या कागदावर सगळी फोड ओळीने लिहिलेली होती. मध्यस्थाने ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, समजलं? या वेळी खात्यात उस्मान स्वतः शिरला. पासवर्ड नवीन होता, इफराने वहीत लिहून दिलेला. आलिमाने एकेक ओळ वाचली आणि मगच त्याने बोट टेकवलं.

त्यानंतरच्या आठवड्यात छत्तीस जणांनी ऑफिसला तसंच पत्र पाठवलं. गुरुवार उलटूनही ज्यांनी अजून स्वीकारलं नव्हतं, त्यांनी. त्यांच्यासाठी बोलणी सुरू झाली, काहींचं बेसिक वाचलं, काहींचं थोडं कापलं. नागेशसारख्यांनी स्वतःच्या बोटाने बटण दाबलं होतं. तो पुढच्या सुट्टीला गेला तो परतलाच नाही. जाताना उस्मानच्या हातात हात दिला, पण डोळ्यांत पाहिलं नाही.

रय्यानला बैठकीच्या दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. त्याच्या मित्राने किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीतल्या एका गोदामात त्याला नोकरी लावून दिली, असं कानावर आलं. तो भेटून गेला नाही. शुक्रवार येत होते आणि जात होते. आलिमा भात तेवढाच रांधायची, आणि उरलेला शनिवारी फोडणी देऊन वाढायची.

मग एका दुपारी दाभोळहून खतीजाचा फोन आला. उस्मान नमाजाहून नुकताच परतला होता. बहिणीने सलाम घेतला नाही.

"माझ्या पोराची नोकरी गेली तुझ्या एका पत्रापायी," ती म्हणाली. "सगळा गाव सह्या करतो, तुलाच तेवढी फोड हवी होती. त्याचं लग्न लांबलं. मुलीकडचे विचारतात, काय केलं म्हणून काढलं? मी काय सांगू त्यांना? सख्ख्या मामाने भाच्याला वाचवलं नाही, हे सांगू?"

उस्मानने आलिमाकडे पाहिलं. आवाज तिला ऐकू येत होता. ती हात पुढे करून फोन मागत होती, तिचा चेहरा लाल झाला होता. म्हणजे पोराने आईला काहीच सांगितलं नव्हतं. कोडबद्दल नाही, बटणाबद्दल नाही, बैठकीत मामा गप्प का राहिला त्याबद्दलही नाही.

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं, आणि ते खरं होतं.

"आपा," तो म्हणाला, "लग्नाची तारीख ठरव. मुलीकडच्यांना माझा नंबर दे. मी बोलतो त्यांच्याशी."

पलीकडे खतीजा रडू लागली. ती आणखी बरंच बोलली, जुनं नवं सगळं काढलं. उस्मान उभ्या उभ्या ऐकत राहिला. आलिमाने पुढे केलेला हात मागे घेतला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून भांड्यांचा आवाज येत राहिला, नेहमीपेक्षा थोडा मोठा.